सोन्याचा भाव वाढला, मग रिझर्व्ह बँकेच्या हातात पैसे आले का?

*नमस्कार सर. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. आमचे काका रोज बातम्या वाचतात, त्यांचं म्हणणं की २०२४-२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेच्या सोन्याची किंमत दीड लाख कोटींनी वाढली म्हणजे तेवढा नफा झाला, सरकारने तो घेऊन कर्ज फेडावं. मी म्हटलं असं नसतं काका, पण का नसतं ते मला धड सांगता येईना. याची एन्ट्री नक्की कुठे पडते? आणि रिझर्व्ह बँक दरवर्षी सरकारला जे लाखो कोटी देते ते मग कुठून येतात? असल्या बातमीतला आकडा खरा नफा की नुसता कागदावरचा, हे ओळखायचं कसं?*
*— सुप्रिया, शिवाजी पेठ*

सुप्रियाताई, तुम्ही अकाउंट्स बघता हे बरं झालं, कारण हा सगळा विषय शेवटी एका एन्ट्रीवर येऊन थांबतो आणि ती एन्ट्री तुम्हाला एका मिनिटात कळेल. काकांचा आकडा बरोबर आहे हेही आधी सांगतो. गडबड आकड्यात नाहीये, त्याला नफा म्हणण्यात आहे.

आधी तो आकडा सुटा करून बघू. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात सोनं दोन ठिकाणी दिसतं, थोडं इश्यू डिपार्टमेंटकडे, म्हणजे नोटांच्या पाठीशी ठेवलेलं, आणि बाकीचं बँकिंग डिपार्टमेंटकडे. मार्च २०२५ अखेर दोन्ही मिळून ८७९.५८ टन होतं. काकांनी वाचलेला आकडा त्यातल्या फक्त बँकिंग डिपार्टमेंटच्या सोन्याचा आहे. तिथं मार्च २०२४ ला ५१४.०७ टन होतं आणि त्याची किंमत होती २ लाख ७४ हजार ७१४ कोटी, एका वर्षाने ५६८.२० टन झालं आणि किंमत झाली ४ लाख ३१ हजार ६२५ कोटी. वाढ साधारण १ लाख ५७ हजार कोटी.

आता कॅल्क्युलेटर घ्या. पहिल्या वर्षी टनाला ५३४ कोटी पडतात, म्हणजे १० ग्रॅमला ५३,४०० च्या आसपास, आणि दुसऱ्या वर्षी टनाला ७६० कोटी, म्हणजे १० ग्रॅमला जवळपास ७६ हजार. म्हणजे जुनं ५१४ टन सोनं होतं तिथंच पडून राहिलं आणि नुसता भाव बदलल्याने त्याच्यापुढचा आकडा साधारण १ लाख १६ हजार कोटींनी वाढला. उरलेले ४१ हजार कोटी आले ते नव्याने आलेल्या ५४ टनांमुळे, आणि ते सोनं काही फुकट आलेलं नाही, ते घ्यायला रिझर्व्ह बँकेने आपल्याकडचंच परकीय चलन मोजलं, म्हणजे एक मालमत्ता गेली आणि दुसरी आली. त्या ४१ हजारांना तर काकाही नफा म्हणणार नाहीत.

तुम्ही गुजरीत चौकशी केली असेल तर म्हणाल की मार्च २०२५ मध्ये तोळ्याचा भाव नव्वद हजारांच्या आसपास होता, मग हे ७६ हजार कुठले? बरोबर विचारताय. रिझर्व्ह बँक आपलं सोनं लंडनच्या बाजारभावाच्या ९० टक्क्यांनीच मोजते, १० टक्के मुद्दाम खाली धरते, आणि आपल्या सराफाच्या भावात तेव्हा वर ६ टक्के आयात शुल्क होतं, मग जीएसटी. ७६ ला ०.९ ने भागा, शुल्क आणि जीएसटी चढवा, बरोबर नव्वद-ब्याण्णवच्या घरात येता. लंडनचा भाव डॉलरमध्ये असतो, त्यामुळे डॉलर-रुपयाचा दरही यात येतो, त्या वर्षात डॉलर ८३ च्या थोडा वर होता तो साडेपंच्याऐंशीच्या आसपास गेला, म्हणजे सोनं डॉलरमध्ये जागच्या जागी राहिलं असतं तरी रुपयातला आकडा थोडा वाढलाच असता.

आता एन्ट्री. भाव वाढला की सोन्याचं खातं डेबिट, म्हणजे मालमत्ता वाढली. क्रेडिट कुठे? तुमच्या कंपनीत कुणी घाईघाईने ते उत्पन्नात टाकेल. रिझर्व्ह बँकेत ते करन्सी अँड गोल्ड रिव्हॅल्युएशन अकाउंट नावाच्या खात्यात जातं, सगळे त्याला सीजीआरए म्हणतात, आणि ते खातं ताळेबंदाच्या देणी बाजूला बसतं. सोन्याची आणि परकीय चलनाची दोन्हीची अशी न विकता झालेली वाढ-घट याच एका खात्यात पडते, मार्च २०२४ अखेर त्यात ११ लाख कोटींच्या वर रक्कम होती. नफा-तोटा पत्रकाला या एन्ट्रीचा स्पर्शही होत नाही. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्याच फुगतात आणि भाव उतरला की दोन्ही बाजू सारख्याच आक्रसतात. हे फेरमोजमाप वर्षातून एकदा होत नाही, आठवड्याला होतं, म्हणून तर शुक्रवारी परकीय गंगाजळीचे आकडे येतात तेव्हा त्यात सोन्याचा आकडा एक ग्रॅमही न घेता-विकता वर-खाली झालेला दिसतो.

काकांना घरातलं उदाहरण हवं असेल तर एवढंच विचारा की काकूंचा कोल्हापुरी साज लग्नात केला तेव्हाच्या भावाचा आणि आजचा फरक काढला तर किती होतो, आणि त्या फरकातून या महिन्याचं लाइट बिल भरता येईल का. साज मोडला तरच येईल, आणि मोडला की मग साज राहत नाही.

पण घरातल्या सोन्याचं सोडा, देशाच्या बाबतीत हे खरंच घडलेलं आहे आणि तेच काकांना सांगा, कारण त्यांनी तो काळ बघितलाय.

१६ ऑक्टोबर १९९० पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या वहीत सोन्याचा भाव १० ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे होता. हो, ८४ रुपये. कायद्यात रुपयामागे किती सोनं हे जे जुनं प्रमाण लिहिलेलं होतं त्यावरून तो भाव निघायचा आणि बाहेर काहीही चाललेलं असलं तरी वहीत तोच राहायचा. १७ ऑक्टोबर १९९० पासून सोनं आंतरराष्ट्रीय भावाच्या जवळपास मोजायचं ठरलं. परिणाम बघा, मार्च १९९० ला गंगाजळीतल्या सोन्याची किंमत होती २८१ कोटी रुपये आणि मार्च १९९१ ला ६,८२८ कोटी. म्हणजे चोवीस पटीच्या वर वाढ, तीही सोनं जवळपास तेवढंच असताना. काकांच्या हिशोबाने तो त्या काळातला केवढा मोठा नफा, साडेसहा हजार कोटी.

आणि त्याच वर्षभरात काय चाललं होतं? आखाती युद्धाने तेल महागलं होतं, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते, बाहेरच्या बँका अल्पमुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायला तयार नव्हत्या. परकीय चलन मार्च १९९० ला ३३६ कोटी डॉलर होतं ते मार्च १९९१ ला २२३ कोटींवर आलं, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तर अशी वेळ आली की हातात जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. रुपयातला एकूण गंगाजळीचा आकडा मात्र वर्षभरात वाढलेला दिसत होता, ६ हजार २५० कोटींच्या आसपास होता तो ११ हजार ४०० च्या वर, आणि ती सगळी वाढ सोन्याच्या नव्या भावाची. वहीत श्रीमंती वाढली आणि तेलाचं बिल भरायला डॉलर नाहीत, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

मग केलं काय? फेरमोजमापातून आलेला एक रुपयासुद्धा तेलाच्या बिलासाठी वापरता आला नाही कारण तो वापरता येण्यासारखा नव्हताच. प्रत्यक्ष सोनं हलवावं लागलं. आधी सरकारकडचं जप्तीचं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत परत विकत घ्यायच्या अटीवर विकलं गेलं, आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःचं ४६.९१ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवलं, ते विमानाने लंडनला गेलं, आणि त्याच्यावर ४० कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज मिळालं. हातात डॉलर आले ते तेव्हा. पुढे ते कर्ज फेडून सोनं मोकळं केलं, पण पैसे मिळाले ते विकून किंवा गहाण टाकून, एन्ट्री करून नाही. मला वाटतं काकांना ही एक गोष्ट सांगितलीत तरी अर्धा वाद मिटेल.

उरलेला अर्धा जरा अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही, कारण हुशार माणूस पुढचा प्रश्न हाच विचारतो: ठीक आहे, डॉलर मिळत नाहीत, पण सरकारला तर रुपये हवेत आणि रुपये तर रिझर्व्ह बँकच काढते, मग सीजीआरए मधून सरकारच्या खात्यात वळते करायला काय जातं?

एन्ट्री म्हणून बघितलं तर करता येईल, सीजीआरए डेबिट, सरकारचं खातं क्रेडिट, दोन्ही देणी बाजूलाच आहेत, ताळेबंद जुळतो. पण नीट बघा, सोनं तिजोरीत जागच्या जागी आहे, बाहेरून काही आलेलं नाही, आणि सरकारच्या खात्यात जे रुपये पडले ते त्या क्षणी नवीन तयार झाले. सरकारने ते ठेकेदाराला दिले, ठेकेदाराच्या बँकेत आले, बँकांकडे तेवढा पैसा जास्त झाला. हे नोटा छापून सरकारला देण्यासारखंच झालं, मध्ये सोन्याचं नाव घेतलं एवढाच फरक. महागाई नको असेल तर रिझर्व्ह बँकेला तो जास्तीचा पैसा बँकांकडून परत शोषून घ्यावा लागतो आणि त्यावर बँकांना रोजचं व्याज द्यावं लागतं. पडून असलेलं सोनं मात्र व्याज देत नाही. म्हणजे ज्या खात्यावर एक पैसा खर्च नव्हता तिथं दरवर्षीचा व्याजाचा खर्च चालू झाला, आणि तो पुढच्या वर्षीच्या नफ्यातून जाणार, म्हणजे सरकारला मिळणाऱ्या रकमेतूनच.

दुसरी गोष्ट भाव पडण्याची. सोनं फक्त वरच जातं असं आत्ता सगळ्यांना वाटतंय, पण २०११ मध्ये लंडनला औंसाला १,९०० डॉलरच्या आसपास गेलेलं सोनं २०१५ च्या शेवटी १,०६० वर होतं. समजा ४ लाख ३२ हजार कोटींचं सोनं २० टक्क्यांनी उतरलं तर साधारण ८६ हजार कोटींचा आकडा कमी होतो. आज तो गपचूप सीजीआरए मधून वजा होतो, कुणाला काही कळतही नाही आणि त्या खात्याचं काम तेच आहे. पण ते खातं आधीच सरकारला वाटून टाकलेलं असेल तर तो तोटा आकस्मिकता निधीतून भरावा लागेल, म्हणजे खऱ्या नफ्यातून वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेल्या पैशातून, आणि तोही कमी पडला तर सरकारलाच बँकेत भांडवल घालायची वेळ येईल. सरकारने खर्च केलेले पैसे परत आणणार कुठून?

२०१८-१९ मध्ये यावरून आपल्याकडे बरंच वाजलं होतं, तेव्हा बिमल जालान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तिची शिफारस मान्य झाली. समितीने ही रेघ स्वच्छ आखली: न विकता झालेली वाढ वाटायची नाही, ती जोखमीची गादी म्हणून ठेवायची, वाटायचं ते फक्त प्रत्यक्ष कमावलेलं, आणि त्यातलंही ताळेबंदाच्या ठराविक टक्के आकस्मिकता निधीत ठेवून मगच. मला ही रेघ योग्य वाटते आणि ती पुसायला निघालेल्यांनी आधी वरचा व्याजाचा हिशोब मांडून दाखवावा असं माझं मत आहे. जगात कुणी असं करतच नाही असं नाही म्हणा. दक्षिण आफ्रिकेने २०२४ मध्ये अशाच खात्यातून तीन वर्षांत १५० अब्ज रँड सरकारला द्यायचं जाहीर केलं, तिथं ते खातं कायद्यानेच सरकारचं आहे. पण त्याच वेळी त्यांनी आणखी १०० अब्ज रँड मध्यवर्ती बँकेच्या निधीत टाकायचं ठरवलं, कारण असा पैसा सोडला की तो परत शोषायचा खर्च पडतो हे त्यांनाही माहीत होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. २०२४-२५ साठी रिझर्व्ह बँकेने सरकारला २ लाख ६८ हजार ५९० कोटी दिले. त्यात सोन्याच्या भाववाढीचा रुपया नाही. ते पैसे मुख्यतः दोन वाटांनी येतात. एक, व्याज, म्हणजे बँकेकडे असलेल्या भारत सरकारच्या रोख्यांवरचं आणि अमेरिकेच्या वगैरे परदेशी रोख्यांवरचं. दुसरी वाट डॉलर विकण्याची आणि तीच आपल्या विषयाला धरून आहे. रुपया घसरायला लागला की रिझर्व्ह बँक बाजारात डॉलर विकते, आणि ते डॉलर तिने वर्षानुवर्षं वेगवेगळ्या दराने घेतलेले असतात, त्यांची सरासरी खरेदी किंमत काढली जाते. समजा सरासरी ७० ला पडलेला डॉलर ८५ ला विकला (हे दोन्ही आकडे मी फक्त समजण्यासाठी घेतलेत) तर १५ रुपये उत्पन्नात येतात. विकायच्या आदल्या दिवसापर्यंत हेच १५ रुपये सीजीआरए मध्ये पडून होते, आणि विकल्याच्या दिवशी ते तिथून निघून नफा-तोटा पत्रकात आले, कारण आता भाव पुन्हा ७० वर आला तरी ते कुणी परत मागू शकत नाही. सोनं आणि डॉलर एकाच खात्यात असतात, फरक एवढाच की डॉलर विकले जातात आणि सोनं विकलं जात नाही.

काका कदाचित म्हणतील मग सोनंही विका की. विकता येईल, पण ते जाणार लंडनच्या बाजारात आणि मिळणार डॉलर, म्हणजे गंगाजळीत सोन्याच्या जागी डॉलर बसले, त्यावर झालेला नफा मात्र तेव्हा खरा धरला जाईल आणि सरकारला देता येईल. पण देताना सरकारच्या खात्यात रुपये नव्यानेच तयार होणार, त्यामुळे वर सांगितलेलं शोषून घ्यायचं काम तिथंही चुकत नाही. फक्त भाव पडून तोटा परत येण्याची भीती गेली. आणि शेकडो टन एकदम विकायला काढलं तर वहीत धरलेला भाव मिळणारच नाही, ते १० टक्के खाली धरून ठेवलंय ते अशाच सावधगिरीसाठी समजा.

ओळखायचं कसं, तर मी स्वतः काय करतो ते सांगतो. मे महिन्याच्या शेवटी रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल येतो, वेबसाइटवर फुकट असतो, त्याच्या शेवटच्या प्रकरणात ताळेबंद आणि परिशिष्टं असतात. बातमीतला आकडा घेऊन आधी सोन्याचे टन बघा, दोन्ही वर्षांचे. टन फारसे बदललेले नसतील आणि कोटी उड्या मारत असतील तर ती भावाची वाढ. मग देणी बाजूला रिव्हॅल्युएशन अकाउंट्सच्या परिशिष्टात सीजीआरए ची ओळ काढा, सोन्याची वाढ तिथं जिरलेली दिसेल. पण त्या ओळीत परकीय चलनाचा फरकही मिसळलेला असतो, त्यामुळे दोन्ही आकडे रुपयाला रुपया जुळले नाहीत म्हणून गोंधळू नका. शेवटी उत्पन्नाचं परिशिष्ट उघडा, तिथं व्याज दिसेल, परकीय चलनाच्या व्यवहारातला नफा दिसेल, आणि सोन्याच्या भाववाढीची ओळ शोधून सापडणार नाही. ती तीन पानं प्रिंट काढून रविवारी काकांसमोर ठेवा, आणि कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात द्या, ५१४ टनांचा हिशोब त्यांनी स्वतः केला तर तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.